चक्कर उतरवणारा कागद

पहाटे साडेपाचला आत्या उजव्या कुशीवर वळली आणि खोली फिरायला लागली. पंखा, खिडकी, कपाट सगळंच एका दिशेनं धावत सुटलं. तिनं पलंगाची कड घट्ट धरली आणि डोळे मिटून घेतले. अर्ध्या मिनिटात सगळं थांबलं. उठून बसायला गेली तर पुन्हा तेच, आणि या वेळी उलटीही झाली. घरात धावाधाव झाली. बीपी मोजलं, ठीक निघालं. साखर तपासली, तीही ठीक. मग ‘पित्त झालं असेल’ म्हणून लिंबूपाणी दिलं. दुपारपर्यंत ती बरी होती. नंतर फडताळाच्या वरच्या खणातला डबा काढायला तिनं मान वर केली आणि भिंती पुन्हा फिरल्या.

संध्याकाळी आम्ही तिला कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे नेलं. डॉक्टरांनी दोनच प्रश्न नेमके विचारले. चक्कर किती वेळ टिकते? आणि काय केल्यावर येते? आत्या म्हणाली, “अर्धा मिनिट असेल. कूस बदलली, उठले, वर बघितलं की येते. स्वस्थ बसले की काही नाही.” डॉक्टरांनी मान हलवली. तपासणी केली, तिथल्या तिथे एक उपचार केला आणि निघताना हातात एक कागद दिला. त्यावर पाच चित्रं होती आणि मराठीत चार-चार ओळी. “काकू, हे घरी करायचं. पण यातली एकही पायरी गाळायची नाही आणि घाई तर अजिबात करायची नाही.”

त्या कागदावरच्या व्यायामाचं नाव एपली मॅन्यूव्हर. आज अनेक घरांत असा कागद असतो किंवा मोबाईलवर एखादा व्हिडिओ असतो. तरी पुष्कळ जणांना त्याचा उपयोग होत नाही, कारण चित्रं बघून अंग वळवलं जातं, पण त्या क्षणी कानात काय घडतंय ते ठाऊक नसतं. ते एकदा समजलं की कागदावरची प्रत्येक ओळ तिथे का आहे, हेही समजतं.

कानातली वाळू

आपला तोल सांभाळणारं यंत्र कानाच्या अगदी आतल्या भागात असतं. तिथे एक छोटी पिशवी आहे. तिच्या तळाशी चिकट थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक स्फटिक बसलेले असतात, केसाच्या जाडीपेक्षाही लहान. डोकं कोणत्या बाजूला कललं आहे हे मेंदूला त्यांच्या वजनावरून कळतं. याच पिशवीला अर्धवर्तुळाकार तीन नळ्या जोडलेल्या असतात आणि त्यांत पाण्यासारखा द्रव भरलेला असतो. डोकं फिरलं की हा द्रव नळीच्या एका टोकाला असलेला मऊ पडदा ढकलतो आणि ‘डोकं फिरतंय’ असा निरोप मेंदूला जातो.

वयानुसार, डोक्याला मार लागल्यावर, कधी आतल्या कानाला संसर्ग झाल्यावर, तर कधी कळण्यासारखं काहीच कारण नसताना काही स्फटिक जागा सोडतात आणि वाट चुकून एखाद्या नळीत शिरतात. बहुतेक वेळा ते मागच्या नळीत जातात, कारण आपण उभे किंवा आडवे असताना ती सर्वांत खाली येते. स्फटिक तिथे पडून असेपर्यंत काही जाणवत नाही. आपण कूस बदलली की नळी कलते, स्फटिक घरंगळतात आणि जाताना द्रवाला ओढून नेतात. पडदा ढकलला जातो. डोकं तर स्थिर झालेलं असतं, पण त्या एका कानाकडून मेंदूला ‘अजून फिरतंय’ असा निरोप जात राहतो. स्फटिक तळाला टेकले की निरोप थांबतो. म्हणूनच ही चक्कर एखाद-दोन क्षण उशिरा सुरू होते, जोरात येते आणि मिनिटाच्या आत ओसरते. डॉक्टर या आजाराला बीपीपीव्ही म्हणतात. आपल्याकडे ‘कानातला खडा सरकलाय’ असं म्हणतात आणि ते बरंचसं बरोबरच आहे.

आता उपाय काय असणार, हे साध्या भाषेत सांगता येतं. खडा नळीत आहे आणि त्याला पिशवीत परत न्यायचं आहे. नळीत हात घालता येत नाही, पण डोकं एका ठरावीक क्रमानं वळवलं तर खडा स्वतःच्या वजनानं वाकणाऱ्या नळीतून पुढे पुढे सरकत पिशवीत पडतो. अमेरिकेतल्या पोर्टलंडचे कान-तज्ज्ञ जॉन एपली यांनी १९८० साली ही पद्धत मांडली, तेव्हा सहकाऱ्यांना ती पटली नाही. त्यांचा सविस्तर लेख छापून यायला १९९२ साल उजाडलं. आज जगभर या आजारावर पहिला उपचार म्हणून हीच पद्धत वापरतात.

आधी कान ठरवायचा

आत्याला डॉक्टरांनी तपासणीच्या पलंगावर पाय लांब करून बसवलं. मान उजवीकडे वळवली, नाक समोर आणि खांदा यांच्या बरोबर मध्ये येईल इतकी. मग तिला पटकन मागे आडवं केलं, डोकं पलंगाच्या कडेखाली थोडं लोंबकळत राहील असं. दोन-तीन सेकंद काही नाही. मग तिचे डोळे आपोआप झटके घेऊ लागले, गोलाकार आणि वरच्या दिशेनं. आत्यानं डॉक्टरांचा हात पकडला. वीस सेकंदांत सगळं थांबलं. मग डावीकडे मान वळवून तेच केलं, तेव्हा डोळे शांत राहिले. म्हणजे खडा उजव्या कानात. या चाचणीला डिक्स-हॉलपाईक म्हणतात. ती १९५२ पासून चालत आली आहे आणि तिला कोणतंही यंत्र लागत नाही.

डॉक्टरांकडे ही तपासणी का करून घ्यायची याची दोन कारणं आहेत. पहिलं म्हणजे कान बरोबर ठरला नाही तर सगळी मेहनत वाया जाते. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. डोळे कोणत्या दिशेनं आणि कसे हलतात यावरून डॉक्टरांना कळतं की खडा मागच्याच नळीत आहे की आडव्या नळीत, आणि हा कानाचाच प्रश्न आहे की मेंदूचा. एपलीचा कागद फक्त मागच्या नळीसाठी आहे. आडव्या नळीतल्या खड्याला वेगळा व्यायाम लागतो.

कागदावरच्या पायऱ्या

उजव्या कानासाठी सांगते. डाव्या कानासाठी प्रत्येक ठिकाणी उजवीकडच्या जागी डावीकडे आणि डावीकडच्या जागी उजवीकडे घ्यायचं.

तयारी अशी. जेवून दोन-तीन तास झालेले असावेत. जवळ कुणीतरी हवं आणि हाताशी एक पातेलं ठेवावं, कारण मळमळ होऊ शकते. घड्याळ समोर दिसेल असं ठेवावं. पलंगाची डावी बाजू मोकळी असावी, भिंतीला लागलेली नसावी, कारण शेवटी त्याच बाजूनं उठायचं आहे. एक जाडसर उशी अशा ठिकाणी ठेवावी की मागे आडवं झाल्यावर ती डोक्याखाली न येता खांद्यांखाली येईल.

१. पलंगावर पाय लांब करून बसा. मान उजवीकडे ४५ अंश वळवा.

२. मान तशीच वळलेली ठेवून पटकन मागे आडवे व्हा. खांदे उशीवर, डोकं गादीवर टेकलेलं आणि हनुवटी किंचित वर. चक्कर येईल. डोळे उघडे ठेवा. चक्कर थांबली की त्यानंतर आणखी ३० सेकंद तसेच पडून राहा. चक्कर आलीच नाही तरी ३० सेकंद थांबा.

३. डोकं न उचलता हळूहळू डावीकडे वळवा. उजवीकडे ४५ अंश होतं ते आता डावीकडे ४५ अंश झालं. पुन्हा ३० सेकंद.

४. आता अंगही डाव्या कुशीवर वळवा आणि डोकं त्याच दिशेनं आणखी फिरवा. नाक गादीकडे, तिरकं खाली रोखलेलं हवं. पुन्हा ३० सेकंद. इथे कधी कधी पुन्हा चक्कर येते.

५. पाय पलंगाच्या डाव्या कडेवरून खाली सोडा, हातांचा आधार घ्या आणि हळूहळू उठून बसा. उठताना हनुवटी छातीकडे झुकलेली आणि मान डावीकडेच वळलेली ठेवा. बसल्यावर मग मान सरळ करा. एक-दोन मिनिटं हलू नका. सोबत असलेल्यानं खांदा धरून ठेवावा.

ही एक फेरी झाली. आत्याला डॉक्टरांनी रोज रात्री झोपण्यापूर्वी अशा तीन फेऱ्या करायला सांगितल्या होत्या आणि सलग २४ तास चक्कर आली नाही की थांबायला सांगितलं होतं. वेळ रात्रीची ठेवली ती मुद्दाम. व्यायामानंतर पुष्कळांना तासभर डोकं जड वाटतं, चालताना तोल थोडा डुगडुगतो. तेव्हा झोपून गेलेलं बरं.

आता या पायऱ्या कानाच्या बाजूनं बघू. बसलेले असताना खडा नळीच्या तळाशी, पडद्याजवळ असतो. आडवं झाल्यावर नळी कलते आणि तो पडद्यापासून दूर सरकतो, म्हणून चक्कर येते. डोकं डावीकडे वळवलं की तो नळीच्या वळणावरून पुढे जातो. नाक खाली केलं की तो पिशवीला जोडणाऱ्या शेवटच्या तुकड्यात पोचतो. उठून बसल्यावर तिथून पिशवीत पडतो. म्हणजे प्रत्येक पायरी खड्याच्या प्रवासातला एक टप्पा आहे, आणि ३० सेकंद हा त्याला तेवढं अंतर घरंगळायला लागणारा वेळ आहे.

पहिल्या रात्री काय चुकलं

आत्यानं पहिल्या रात्री घरी केलं तेव्हा मी तिच्या शेजारी होते. दुसऱ्या पायरीत चक्कर आली, तिला मळमळलं आणि ती म्हणाली, “थांब, जरा उठू दे.” तिनं डोकं उशीवरून उचललं, दोन घोट पाणी प्यायली, परत आडवी झाली आणि तिसऱ्या पायरीपासून पुढे केलं. शेवटी काहीच फरक नाही. सकाळी कूस बदलली तर चक्कर तितकीच.

कारण उघड आहे. डोकं उचललं त्या क्षणी खडा जिथून निघाला होता तिथे परत गेला. मधूनच तिसरी पायरी केली तेव्हा तो पुढच्या टप्प्यावर नव्हताच. मध्येच उठावं लागलं तर उठावं, पण मग पहिल्या पायरीपासून सुरू करायचं. ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे.

दुसरी चूक उशीची. उशी डोक्याखाली राहिली तर डोकं मागे झुकण्याऐवजी पुढे येतं, नळी पुरेशी कलत नाही आणि खडा हलत नाही. उशी बरोबर आहे का हे सोबतच्या माणसानं बाजूनं बघावं. कपाळापेक्षा हनुवटी थोडी वर दिसली पाहिजे.

तिसरी चूक थोडी विचित्र आहे. चक्कर आली की माणूस घाबरतो आणि समजतो, व्यायाम सोसत नाहीये. खरं तर दुसऱ्या पायरीत आलेली चक्कर म्हणजे खडा हलल्याची खूण आहे. ती येऊ द्यायची आणि ओसरू द्यायची. मात्र त्या स्थितीत ती मिनिटभरानंतरही कमी होत नसेल, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना कळवावं. मागच्या नळीतला मोकळा खडा एवढा वेळ घेत नाही.

आत्यानं दुसऱ्या रात्री डोकं न उचलता तीन फेऱ्या केल्या. पहिल्या फेरीत चक्कर जोरात आली, दुसरीत निम्मी, तिसरीत आलीच नाही. चौथ्या दिवशी ती पहाटे उजव्या कुशीवर वळली आणि खोली जागेवरच राहिली.

हा कागद कुणासाठी नाही

या व्यायामात मान मागे झुकते आणि फिरते. म्हणून मानेचं ऑपरेशन किंवा फ्रॅक्चर झालेलं असेल, मानेची हालचाल फार कमी झालेली असेल, हातात मुंग्या किंवा बधिरपणा येईल इतका मानेचा स्पॉन्डिलायसिस असेल, किंवा संधिवातानं मानेचे मणके सैल झालेले असतील, तर घरी करू नये. मेंदूकडे जाणाऱ्या मानेतल्या रक्तवाहिन्या अरुंद असल्याचं निदान झालेलं असेल, डोळ्याचा पडदा नुकताच सुटलेला असेल, किंवा आडवं झोपल्यावर दम लागेल असा हृदयविकार असेल, तर तेव्हाही नाही. अशांसाठी डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट मान फार न वळवता करायचे दुसरे उपाय करतात.

आणि काही चकरा कानाच्या नसतातच. स्वस्थ पडून असतानाही सतत फिरत राहणारी नवी चक्कर, एकाची दोन दिसणं, बोलताना जीभ जड होणं, चेहरा वाकडा होणं, हातापायातली शक्ती जाणं, आधाराशिवाय उभंच राहता न येणं, अचानक आलेली तीव्र डोकेदुखी, यांतलं काहीही असेल तर कागद बाजूला ठेवून लगेच मोठ्या रुग्णालयात जायचं. महाराष्ट्रात १०८ वर रुग्णवाहिका मिळते. हा पक्षाघात असू शकतो आणि तिथे मिनिटं मोजली जातात. अचानक एका कानानं ऐकू येईनासं झालं, तर त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांना दाखवावं.

व्यायाम करत असताना चक्करीचं रूप बदललं, म्हणजे आता डावी-उजवी कोणतीही कूस बदलली तरी पूर्वीपेक्षा जोरात आणि जास्त वेळ फिरतंय असं झालं, तर खडा मागच्या नळीतून आडव्या नळीत गेलेला असू शकतो. यात धोका नसतो, पण एपली पुन्हा पुन्हा करून तो बाहेर येणार नाही. डॉक्टरांकडे जायचं. आठवडाभर नीट करूनही फरक पडला नाही, तरीही जायचं.

नंतरचे दिवस

पूर्वी रुग्णांना दोन दिवस बसून झोपा, मानेला पट्टा लावा असं सांगत. आता त्याची गरज नसते, कारण त्यामुळे निकालात लक्षणीय फरक पडत नाही. नेहमीसारखं झोपावं. त्या रात्री मात्र गाडी चालवू नये, शिडीवर किंवा स्टुलावर चढू नये आणि अंधारात एकट्यानं उठू नये. काही जणांना व्यायामानंतर काही मिनिटांत क्षणभर पडल्यासारखं वाटतं, म्हणून लगेच उभं राहून चालायला लागू नये.

चक्करीच्या गोळ्यांबद्दलही डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मळमळ फार असेल तर एक-दोन दिवस गोळी ठीक आहे, पण ती खडा हलवत नाही. काही गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्या तर वयस्कर माणसांच्या हाताला कंप सुटतो आणि चाल मंदावते. आत्याच्या एका मैत्रिणीची गोळी वर्षभर चालू होती आणि तिच्या कानाची तपासणी कधी झालीच नव्हती.

खडा एकदा परत बसला म्हणजे तो पुन्हा कधी सुटणार नाही असं नाही. पुष्कळ जणांना काही महिन्यांनी किंवा वर्षांनी तो पुन्हा त्रास देतो. आत्याला आठ महिन्यांनी दिला. तिनं कपाटातून कागद काढला आणि आठवत होतं तसं, एकही पायरी न गाळता, तीन रात्री केलं. काहीच फरक नाही. फोनवर ती रडवेली झाली होती. मी विचारलं, “आत्या, कोणत्या कुशीवर वळलीस की येते?” ती थोडं थांबली, मग म्हणाली, “डाव्या.”

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तपासलं. या वेळी खडा डाव्या कानात होता. तीन रात्री ती निरोगी कानासाठीचा व्यायाम करत होती. डॉक्टरांनी तिला दुसरा कागद दिला, तोच, पण आरशात बघितल्यासारखा उलटा. दुसऱ्याच रात्री चक्कर थांबली.

आता तिच्या कपाटाच्या दाराला आतून दोन कागद चिकटवलेले आहेत. एकावर तिनं लाल पेननं ‘उजवा कान’ लिहिलंय, दुसऱ्यावर ‘डावा कान’. आणि दोन्हींच्या वर, पहिल्या पायरीच्याही आधी, तिच्या अक्षरात एक ओळ आहे: आधी बघ, कोणत्या कुशीवर फिरतंय.